«खाऊ नये» आणि «खाऊन ये»: बोलून टाईप करण्याबद्दल फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

«मराठी जशी बोलतो तशीच लिहितात, म्हणून मोबाइलवर बोलून टाईप केलं की शब्द चुकत नाहीत. चुकलाच तर खाली लाल रेघ येते. फक्त सावकाश, एकेक शब्द तोडून बोला आणि पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या.»

हा संदेश मला गेल्या महिनाभरात चार वेगवेगळ्या गटांत आला. त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो. आधी माझ्याच घरात घडलेलं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच सुचलं.

भाच्याची उपाशीपोटी करायची रक्तातल्या साखरेची तपासणी होती. त्यासाठी किमान 8 तास पोटात काही नसावं लागतं. मी आदल्या रात्री मोबाइलमध्ये बोललो, «उद्या रक्त तपासायचंय. सकाळी काही खाऊ नये.» त्याला मिळालं ते असं: «उद्या रक्त तपासायचंय. सकाळी काही खाऊन ये.» तो बिचारा मामाचं ऐकून भरपेट खाऊन आला. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

ही दोन वाक्यं नीट पाहा. अक्षरं तीच आहेत: खा, ऊ, न, ये. क्रमही तोच आहे. फक्त मधली मोकळी जागा एका अक्षराने सरकली आणि मनाईची आज्ञा झाली. «काही» या शब्दानेही गुपचूप अर्थ बदलला. आधी त्याचा अर्थ «काहीसुद्धा» होता, आता «थोडंफार» झाला. त्यामुळे दुसरं वाक्य कुठेच खटकत नाही.

आता «बोलतो तशीच लिहितात» याकडे येऊ. तोंडातून निघताना या दोन वाक्यांत फरक असतो, पण तो केवढासा! «नये» म्हणताना न मधला अ उच्चारला जातो. «खाऊन» म्हणताना शेवटच्या न मधला अ आपण गिळतो, खाऊन्‌ असं म्हणतो. लिहिताना मात्र दोन्हीकडे पूर्ण न. म्हणजे उच्चारातला एकुलता एक फरक लिपीत दिसतच नाही, आणि लिपीतली मोकळी जागा उच्चारात ऐकू येत नाही, कारण बोलताना आपण शब्दांमध्ये थांबत नाही. घाईत बोललं की तो अ अर्धा होतो, आणि मग कुठे तोडायचं हे यंत्राला अंदाजाने ठरवावं लागतं. ते आवाजाशी जुळणारे पर्याय धरतं आणि आजूबाजूच्या शब्दांसोबत जो जास्त वेळा येतो तो निवडतं. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे त्याला कळायचं साधन नाही.

हे एका क्रियापदापुरतं नाही. करू नये, करून ये. जाऊ नये, जाऊन ये. भरू नये, भरून ये. देऊ नये, देऊन ये. मराठीत सूचना देताना आपण सर्रास वापरतो तो «-ऊ नये» हा साचाच असा आहे. «करू नका» आणि «करून का» यांचंही तसंच. «करू नको» त्या मानाने बरं, कारण तोडलं तर «करून को» होतं, आणि «को» असा शब्द मराठीत नाही.

उलट दिशेनेही बोलणं आणि लिहिणं जुळत नाही. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे केविलवाणा. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. लिहिताना वेगळे, रोजच्या बोलण्यात एकसारखे. इथे तुम्ही कितीही स्वच्छ बोललात तरी निवड यंत्रच करणार.

लाल रेघेचं उत्तर थोडक्यात देता येतं. रेघ अर्थ तपासत नाही. तो शब्द मोबाइलच्या यादीत आहे का, एवढंच ती पाहते. «खाऊन» आहे, «ये» आहे, झालं. बोलून टाईप करताना येणारा चुकीचा शब्द बहुधा खरा, नेहमीच्या वापरातलाच शब्द असतो, कारण यंत्र ओळखीच्या शब्दांकडेच झुकतं. याउलट रेघ बरेचदा बरोबर शब्दाखाली येते: आडनावं, गावांची नावं, आणि प्रत्ययांवर प्रत्यय चढलेले «शेजाऱ्यांकडूनसुद्धा» यांच्यासारखे लांब शब्द. मग माणूस घाबरून सुचवलेल्या पर्यायावर बोट ठेवतो आणि धड शब्द बिघडवतो. रेघ दिसली म्हणून बदलू नका, आणि दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

सावकाश, तोडून बोलण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण तो जसा दिलाय तसा पाळला तर नुकसान होतं. यंत्राचा मोठा आधार शेजारचे शब्द असतात. «सण» आणि «सन» यांतला कोणता, हे त्याला «दिवाळीचा» किंवा «2019» हे शब्द जवळ असले की कळतं. एकटा शब्द टाकलात तर तो आधार तुम्हीच काढून घेता. म्हणून छोटं पण पूर्ण वाक्य, नेहमीच्या चालीत बोलावं. तोडायचं असेल तर फक्त «खाऊ» आणि «नये» यांच्यामध्ये, आणि «नये» मधला न भरून म्हणायचा. त्याने मदत होते, खात्री मिळत नाही. हवं तर आपल्या मोबाइलवर हे एक वाक्य दहा वेळा वेगवेगळ्या वेगाने बोलून बघा.

खात्रीचा मार्ग म्हणजे वाक्यच बदलणं. «खाऊ नये» ऐवजी «खायचं नाही». «सही करू नये» ऐवजी «सहीची जागा कोरी ठेवावी». «जाऊ नये» ऐवजी «जाणं टाळावं». यातलं एकही वाक्य मोकळी जागा सरकून उलटं होत नाही.

आता उरलं «एकदा वाचून घ्या». या ओळीवर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण मीही तो संदेश पाठवण्याआधी वाचला होता. वाचलं तेव्हा मला «खाऊ नये» च दिसलं. आपण नुकतंच जे बोललो ते डोक्यात ताजं असतं, आणि डोळे अक्षरांऐवजी तेच वाचतात. शिवाय बोलत असताना पडद्यावर उमटणारे शब्द पक्के नसतात. वाक्य पुढे सरकलं की यंत्र मागचे शब्द बदलतं. तुम्ही अर्ध्या वाक्यापर्यंत वाचून मान डोलावता आणि त्यानंतर ते बदललेलं असतं. म्हणून माइक बंद करून, शेवटचा शब्द स्थिर झाल्यावरच तपासायला घ्या.

तपासायचं कसं, हे एका उदाहरणावर दाखवतो. समजा तुम्ही बोललात:

«अर्जावर आधी सही करू नये. मूळ प्रत सोबत ठेवावी. पान एकोणसाठवर दिनांक लिहावा.»

आणि उमटलं:

«अर्जावर आधी सही करून ये. मूल प्रत सोबत ठेवावी. पान 69 वर दीनांक लिहावा.»

चार चुका आहेत, आणि चारही एकाच पद्धतीने सापडत नाहीत.

«मूल प्रत» कानाला सापडते. मोबाइलमध्ये निवडलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते, सहसा सुलभतेच्या सेटिंगमध्ये. मराठी आवाज निवडा, मजकूर ऐका आणि ऐकताना पडद्याकडे पाहू नका. ळ च्या जागी ल, ण च्या जागी न, ठ च्या जागी ट आला असेल तर परक्या आवाजात तो लगेच टोचतो. काल आणि काळ, तन आणि तण, पाट आणि पाठ या जोड्या अशाच पकडता येतात.

«करून ये» मात्र कानाला चकवू शकतं, कारण तो फरक मुळातच निसटता आहे. इथे डोळा हवा, पण ठरवून फिरवलेला. संदेशात जिथे जिथे मनाई आहे तिथे थांबा आणि «नये», «नका», «नाही» हा शब्द सुटा, अखंड उभा आहे का ते बोट ठेवून बघा. दोन मनाया बोललात आणि एकच दिसते, तर एक कुठेतरी उलटली आहे. ही मोजणी दहा सेकंदांची आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

«दीनांक» कान कधीच पकडणार नाही. दिनांक आणि दीनांक ऐकायला सारखेच. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर कोश उघडावा लागतो. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात शोधता येतात. दोन्ही आजच्या लेखननियमांच्या आधीचे आहेत. त्यामुळे अर्थासाठी त्यांच्याकडे जा, आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी 1962 नंतरच्या नियमांनुसार केलेला शुद्धलेखन कोश पाहा.

राहिला आकडा. 59 आणि 69 दोन्ही धड आकडे, «पान» या शब्दाशेजारी दोन्ही शोभतात. वाचून, ऐकून, कोश बघून काही उपयोग नाही. मूळ कागद उघडून ताडणं एवढंच हातात आहे. मराठी आकड्यांत असे सापळे पुष्कळ आहेत: एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंच्याहत्तर आणि पंच्याऐंशी, सात आणि साठ. औषधाचं प्रमाण, खातेक्रमांक, तारीख, माणसाचं नाव हे बोलून टाकूच नये असं मी आता ठरवलंय. बाकीचं वाक्य बोलतो, आणि तेवढी जागा मोकळी ठेवून कळफलकावर टाईप करतो.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच तपासणीत बसत नाही. काही चुका तुम्हाला दिसणारच नाहीत, कारण तुम्हाला अर्थ आधीच माहीत आहे. ज्याला तो माहीत नाही असा एकच माणूस असतो, तो म्हणजे संदेश मिळणारा. म्हणून सूचना महत्त्वाची असेल तर त्याच्याकडून उलट वदवून घ्यायचं. «कळलं का?» असं विचारून भागत नाही. भाच्यालाही कळलंच होतं. «मग सकाळी काय करशील?» असं विचारायचं.

दुसऱ्या खेपेला मी बोललो, «रात्री नऊनंतर काही खायचं नाही. सकाळी उपाशी ये. आता तू काय करणार ते मला सांग.» पाच मिनिटांनी त्याचा फोन आला: «मामा, नऊच्या आत जेवतो, सकाळी नुसतं पाणी पिऊन येतो. बरोबर ना?»