लाईन अर्धी रिकामी, तरी गेम अडकतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सर, लेख वाचला पण पटला नाही. माझ्याकडे ४० एमबीपीएसची लाईन आहे, टीव्हीवर फोर-के लावलं तर १५ जातात, २५ रिकामेच राहतात. मग टीव्हीमुळे पोराचा गेम अडकतो हे कसं काय? आणि वर तुम्ही राउटरमध्ये स्पीड मुद्दाम ३६ करायला सांगताय. पैसे ४०चे भरायचे आणि वापरायचे ३६? सरळ मोठा प्लॅन घ्या म्हणून सांगा ना लोकांना."

तो १५चा आकडा सरासरी आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

टीव्ही काही सलग १५च्या वेगाने व्हिडिओ ओढत बसत नाही. पिक्चरचे आधीच छोटे छोटे तुकडे करून ठेवलेले असतात, समजा चार-चार सेकंदांचे, आणि अ‍ॅप एक तुकडा मागवतं, तो आला की थोडं थांबतं, मग पुढचा मागवतं. आता हिशेब करू. १५ एमबीपीएसचा चार सेकंदांचा तुकडा म्हणजे ६० मेगाबिट. हा तुकडा पाठवणाऱ्या सर्व्हरला तुमचे १५ वगैरे काही माहीत नसतं, तो मिळेल त्या वेगाने पाठवतो, म्हणजे तुमच्या ४०च्या लाईनवर पूर्ण ४०ने. ६० मेगाबिट ४०ने यायला दीड सेकंद लागतो. म्हणजे दर चार सेकंदांत दीड सेकंद लाईन ठासून भरलेली आणि अडीच सेकंद पूर्ण रिकामी! सरासरी काढली की १५ दिसतात आणि आपल्याला वाटतं २५ शिल्लक आहेत, पण त्या दीड सेकंदात शिल्लक काहीच नसतं. (काही सर्व्हिस पाठवतानाच हात आवरता घेतात, त्यांच्यात हे कमी जाणवतं.)

पिक्चर सुरू करतानाची गोष्ट तर आणखी वाईट. अ‍ॅपला सुरुवातीला पुढचा समजा मिनिटभराचा साठा करून ठेवायचा असतो, म्हणजे ९०० मेगाबिट. ४० येतायत आणि १५ बघण्यात खर्च होतायत म्हणजे साठ्यात २५ची भर, तेव्हा ३६ सेकंद लाईन सलग भरलेली. कुणी पिक्चर पुढे ढकलला की परत तेच. पोरगं "आत्ताच अडकलं, आत्ताच!" म्हणून ओरडतं ना, तेव्हा हॉलमध्ये कुणाच्या हातात रिमोट होता ते बघा एकदा.

बरं, लाईन भरली तर भरली, गेमला असे किती लागतात, शंभर-दोनशे केबीपीएस. तेवढं कुठेतरी बसायला हवं की नाही? बसतंच, पण रांगेत. सर्व्हरकडून डेटा ४०पेक्षा जास्त वेगाने येतो आणि तुमच्या लाईनवर ४०नेच सोडता येतो, मग उरलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे छोटे गठ्ठे, कंपनीच्या टोकाला जिथे तुमचा प्लॅनचा वेग बांधलेला असतो तिथल्या बफरमध्ये थांबतात. हा बफर १ मेगाबाइटचा धरला तर ८ मेगाबिट भागिले ४०, म्हणजे ०.२ सेकंद, २०० मिलिसेकंद. गेमचं पॅकेट एवढंसं असलं तरी ते या २०० मिलिसेकंदांच्या मागे उभं राहतं. एसटी स्टँडवर पुढचा माणूस अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढत असला आणि तुम्हाला एकच हवं असलं तरी थांबावं लागतंच, तसं.

खरी मेख अशी की हा बफर भरत चालल्याचं पाठवणाऱ्याला वेळेवर कळत नाही. पाठवण्याचा वेग ठरवणारा नियम म्हणजे टीसीपी, आणि ते जुन्या पद्धतीने पॅकेट हरवलं की मगच वेग कमी करतं. बफर मोठा असला की पॅकेट लवकर हरवतच नाही, नुसतं उशिरा पोचतं, त्यामुळे सर्व्हरला वाटतं सगळं छान चाललंय आणि तो आणखी रेटतो. एकही पॅकेट वाया जाऊ नये म्हणून बफर मोठे केले आणि त्यानेच टीसीपीचा ब्रेक निकामी झाला. जिम गेटिस यांनी २०१०-११च्या सुमारास हे उजेडात आणलं आणि बफरब्लोट हे नाव दिलं.

माझ्या घरी संध्याकाळी टीव्ही चालू असताना वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर पिंग लावला, म्हणजे दर सेकंदाला एक पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तेव्हा असं दिसत होतं:

```
ping 1.1.1.1
time=13.1 ms
time=12.8 ms
time=187 ms
time=142 ms
time=13.4 ms
time=12.9 ms
time=194 ms
time=14.0 ms
```

स्पाइक ठरावीक अंतराने येतायत बघा. दर चार सेकंदांनी तुकडा, दर चार सेकंदांनी लॅग. लाईनच खराब असती तर असा ठेका धरला नसता. स्पीड टेस्टचा मोठा आकडा मात्र याच लाईनवर ४० दाखवतो, कारण तो किती डेटा आला ते मोजतो, किती वेळ रांगेत उभा होता ते नाही.

आता ३६चं. तुमचा राग समजतो, पण त्यामागे कारण आहे. डाउनलोडची रांग तुमच्या राउटरमध्ये नसतेच, ती कंपनीच्या टोकाला असते आणि तिथे आपला हात पोचत नाही. म्हणूनच बऱ्याच राउटरमध्ये QoS नावाचं जे पान असतं, जिथे गेमिंगला हाय प्रायॉरिटी वगैरे देता येते, त्याने डाउनलोडच्या लॅगला फारसा फरक पडत नाही. पॅकेट राउटरपर्यंत आलं तेव्हा उशीर होऊन गेलेला असतो, आता त्याला कितीही पुढे काढा. पण राउटरलाच सांगितलं की ३६च्या वर सोडू नकोस, तर सर्वात अरुंद जागा तुमच्या राउटरमध्ये येते आणि रांगही तिथे सरकते. आता ती रांग कशी चालवायची ते आपण ठरवू शकतो. नेमके ४० ठेवले तर रांग परत कंपनीकडे जाते आणि सगळं मुसळ केरात.

रांग चालवायला `fq_codel` किंवा त्याच्या पुढची `cake` ही पद्धत वापरायची. यात दोन कामं होतात. एक म्हणजे प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी केली जाते, त्यामुळे गेमचं तुरळक पॅकेट टीव्हीच्या ढिगाऱ्यामागे न थांबता लगेच निघून जातं, कुणाला प्रायॉरिटी द्यायची हे तुम्हाला सांगावंही लागत नाही. दुसरं काम कोडेलचं, जे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडलं. ते रांग किती लांब आहे हे बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतं. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदभर सलग ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला तर ते एक पॅकेट मुद्दाम टाकून देतं, तरी नाही ऐकलं तर आणखी लवकर लवकर टाकतं. टीव्हीच्या सर्व्हरला तो इशारा मिळतो, तो वेग कमी करतो. एकदोन पॅकेट्स परत मागवावी लागतात, टीव्हीवर बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

आणि त्या चार एमबीपीएसने टीव्हीचं काय बिघडलं? तोच ६० मेगाबिटचा तुकडा आता दीडऐवजी १.६७ सेकंदांत येतो. अ‍ॅपकडे मिनिटभराचा साठा असताना याने काहीही होत नाही. गेमचे १८० मिलिसेकंद वाचतात ते मात्र पोराला लगेच कळतं.

ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत सिस्टीम टाकलेल्या राउटरवर `luci-app-sqm` हे पॅकेज घातलं की मेन्यूत SQM QoS येतं, वेगाची मर्यादा आणि रांगेची पद्धत दोन्ही तिथेच लावायचं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते साधारण असं दिसेल:

```
config queue
	option enabled '1'
	option interface 'pppoe-wan'
	option download '36000'
	option upload '36000'
	option qdisc 'cake'
	option script 'piece_of_cake.qos'
	option linklayer 'ethernet'
	option overhead '44'
```

आकडे केबीपीएसमध्ये आहेत आणि इंटरफेसचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं. ३६ हा काही मंत्र नाही. संध्याकाळी गर्दीच्या वेळी वायरने स्पीड मोजा, त्याच्या ८५-९० टक्क्यांवर सुरुवात करा, मोठं डाउनलोड लावून पिंग बघा, आणि पिंग शांत असेल तर थोडं थोडं वाढवत जा. पिंग उड्या मारायला लागला की एक पायरी खाली या. अपलोडलाही हेच, कारण फोन रात्री फोटोंचा बॅकअप सुरू करतो तेव्हा तिकडची रांग भरते. ज्यांच्याकडे अपलोड फक्त ५ आहे त्यांच्याकडे तोच १ मेगाबाइटचा बफर १.६ सेकंदांचा होतो, व्हिडिओ कॉल तिथेच झोपतो. मायक्रोटिकचा राउटर असलेल्यांना राउटरओएस ७मध्ये `fq_codel` आणि `cake` दोन्ही मिळतात. कंपनीने फुकट दिलेल्या राउटरमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, मग त्याच्यामागे आपला राउटर लावावा लागतो.

मोठ्या प्लॅनबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०० एमबीपीएसवर तोच तुकडा ०.३ सेकंदात येईल, आणि बफर तेवढाच राहिला तर उशीरही ४० मिलिसेकंदांवर येईल. पण बफर तेवढाच राहील याची खात्री नाही, मोठ्या प्लॅनला बऱ्याचदा मोठा बफर दिलेला असतो. शिवाय ५० जीबीचा गेम अपडेट लागला की २०० सुद्धा अर्धा तास भरलेलेच राहतात. दर महिन्याला जास्त पैसे भरायच्या आधी हे सेटिंग करून बघा एवढंच माझं म्हणणं आहे.

मात्र सेटिंगला हात लावायच्या आधी एक तपासणी कराच, कारण बऱ्याच घरांत दोष वेगळाच निघतो. गेम ज्या वायफायवर खेळला जातो त्याच वायफायवरून दोन खिडक्यांत पिंग लावा, एक राउटरला, त्याचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो, आणि एक बाहेर:

```
ping 192.168.1.1
ping 1.1.1.1
```

राउटरचा पिंग १-५ मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचाच उडतोय तर हे बफरब्लोट, वर सांगितलेलं लागू पडेल. राउटरचाच पिंग १००-१५०वर जात असेल तर रांग वायफायमध्ये आहे, तिथे SQM काही करू शकत नाही. टीव्हीला वायर टाका, निदान टीव्ही आणि गेम वेगवेगळ्या बँडवर ठेवा.

SQM चालू करून काहीच फरक पडला नाही तर आधी हार्डवेअर ऑफलोडिंग बंद आहे का बघा, ते चालू असलं की पॅकेट्स रांगेला बगल देऊन निघून जातात आणि सेटिंग नुसतं नावाला राहतं. ते बंद केल्यावर सगळं काम राउटरच्या प्रोसेसरवर येतं. ४०च्या लाईनला जुना राउटरही पुरतो, पण २००-३००च्या लाईनवर स्वस्तातला राउटर धापा टाकतो आणि स्पीड निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा प्लॅन वाढवणार असाल तर राउटरचा खर्चही धरा.

आणि ज्यांची लाईन फोर-जी किंवा फाइव्ह-जीवर आहे त्यांनी एक ठरलेला आकडा टाकू नये. तिथे वेग दुपारी ८० आणि रात्री १२ असू शकतो. ३६ टाकून ठेवलेत आणि रात्री १२च येतायत तर रांग पुन्हा टॉवरकडे असते आणि तुमचं सेटिंग नुसतं बघत बसतं. त्यांच्यासाठी `cake-autorate` नावाची स्क्रिप्ट आहे, ती सतत पिंग बघून आकडा खालीवर करते. तुमची लाईन फायबरची असेल तर याची गरज नाही, आधी ती दोन खिडक्यांची तपासणी करा आणि संध्याकाळचे आकडे इथेच खाली टाका, मी बघून सांगतो.