साहेबांची सुट्टी, आमचा भुर्दंड

आज सकाळी आमच्या संस्थेला ग्रँट देणाऱ्या फंडरची मेल आली. विषय: 'अंतिम आर्थिक अहवालावरील निरीक्षणे'. निरीक्षणे म्हणे! सरळ 'पैसे परत करा' असं लिहायला काय झालं होतं?

जानेवारीच्या पहिल्या २१ दिवसांचा खर्च अपात्र, म्हणजे तो ग्रँटमध्ये धरणार नाहीत. कारण करार 'शेवटची सही होईल त्या तारखेपासून' लागू होतो आणि त्यांच्या साहेबांनी सही केली २२ जानेवारीला. आम्ही सह्या करून डिसेंबरातच पाठवला होता. साहेब सुट्टीवर होते.

बजेटच्या परिशिष्टात ढळढळीत छापलंय, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. तेच लगेच कळवलं. अर्ध्या तासात उत्तर हजर: परिशिष्ट आणि मूळ करार यांत तफावत असेल तर मूळ करार ग्राह्य. एरवी साध्या शंकेला तीन आठवडे लावणारी माणसं ही! मग हुकमाचा एक्का काढला. त्यांच्याच प्रोग्रॅम ऑफिसरची ४ जानेवारीची मेल: 'तुम्ही काम सुरू करा, सही होईलच.' खाली हसरा चेहरासुद्धा. त्यावर म्हणे, सहीपूर्वीचा सगळा पत्रव्यवहार या कराराने रद्दबातल होतो, कलम वाचावे. वाचलं. आहे तसं कलम. हसऱ्या चेहऱ्यासकट रद्द.

आता हिशेब बघा. दोघा कर्मचाऱ्यांचा महिन्याचा पगार मिळून ३,१०० युरो. ३१ पैकी २१ दिवस, म्हणजे २,१०० युरो गेले. तेवढ्यावर भागेल तर तो फंडर कसला? ऑफिसखर्चासाठी मिळणारे ७ टक्के हे पात्र खर्चावर मिळतात. पगार अपात्र ठरला की त्यावरचे १४७ सुद्धा गेले. एकूण २,२४७. त्या २१ दिवसांत दोघं घरी बसली होती का? गावोगाव फिरून केलेल्या पाहणीचे आकडे यांनी आपल्या वार्षिक अहवालात रंगीत तक्त्यात छापलेत. पाहणी पात्र, पगार अपात्र!

आणि हे परत करायचे ३० दिवसांत. कुठून? ग्रँटचे पैसे तर खर्च झाले, आणि उरले असते तरी वसुलीची रक्कम ग्रँटमधून भरता येत नाही. दुसऱ्या फंडरच्या पैशाला हात लावला तर तिथे वेगळी वसुली सुरू होईल. म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या गंगाजळीतून, जी दोन महिन्यांचं भाडं भरेल एवढीच आहे. परत युरोतच द्यायचे. पैसे आले तेव्हापासून आमचं चलन ६ टक्क्यांनी घसरलंय, म्हणजे तेच २,२४७ युरो घ्यायला सुमारे ६.४ टक्के जास्त मोजायचे. विनिमयातला तोटा? अपात्र. बँकेचा आकार? आमच्याकडे. दुष्काळात तेरावा महिना.

विषय निघालाच आहे तर ऑडिटचंही सांगते. खर्च मुदतीत झालेला हवा आणि मुदतीतच चुकता केलेला हवा. बजेटमध्ये ऑडिट फी आहे. पण ऑडिट मुदत संपल्यावरच होतं ना? वर्ष संपायच्या आत पूर्ण वर्षाचं ऑडिट करणारा ऑडिटर असेल तर मला त्याचा पत्ता द्या, मी त्याला भविष्यही विचारीन. फी मंजूर करून खर्च करायची वाट बंद करणं, ही कला आहे. ती फी गेल्या वर्षी आम्हीच सोसली.

आणि तो कथनात्मक अहवाल! 'शिकलेले धडे' या रकान्यात २०० शब्दांची मर्यादा. यंदाचा धडा एवढ्यात मावत नाही.

दुपारी तावातावाने कराराची मूळ प्रत काढली. म्हटलं, दाखवतेच यांना. अहवालाच्या तारखांना मी पिवळा मार्कर मारलाय, हप्त्यांना हिरवा, खरेदीच्या नियमांना गुलाबी. मोठा अभ्यास! पान ३ वर, 'शेवटची सही' या शब्दांशेजारी, रंगबिंग काही नाही. फक्त निळ्या शाईत माझी आद्याक्षरं. वळणदार, अगदी निवांतपणे केलेली. 'वाचून मान्य' असा त्याचा अर्थ असतो, हे मीच नव्या मुलांना दर वर्षी सांगते.

खजिनदारांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही ते वाचलं होतं ना?" रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

पुढच्या वर्षाचा करार टेबलावरच आहे. पहिलं काम केलं, पान ३ उघडलं. तीच ओळ. लगेच त्यांना लिहिलं की मूळ करारात स्पष्ट टाका, 'सहीची तारीख काहीही असो, १ जानेवारीपासूनचा खर्च पात्र', नाहीतर सही होईपर्यंत आम्ही एकाही माणसाला कामावर बोलावणार नाही.

तासाभरात होकार आला. "काळजी नसावी, तसंच धरून चाला."

मेलवर. खाली हसरा चेहरा.