चेक परत आला, पुढे काय बोलायचं?

काउंटरवर बोलायचं इंग्रजी बँकेतले मेमो आणि फॉर्म वाचून शिका, असं मी सांगतो. त्यावर एकाचा आक्षेप:

«मेमोवर धड वाक्यसुद्धा नसतं. असले कागद वाचून इंग्रजी येणार कसं? त्यापेक्षा बँकिंगचे शब्द अर्थासकट पाठ केलेले बरे. काउंटरवर बोलायला तुमच्या फॉर्मांचा काय उपयोग?»

मेमोवर धड वाक्य नसतं, हे खरं. पण अर्थ पाठ करून तो मेमो कळतो का, ते बघा. चेक न वटता परत येतो तेव्हा सोबतच्या मेमोवर कारण असतं: ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड, प्रेझेंट अगेन’. शब्दकोशात इफेक्ट म्हणजे परिणाम. इथे मात्र चेक देणाऱ्याने आपल्या खात्यात भरलेले, पण अजून वसूल न झालेले चेक, असा अर्थ आहे. ‘एक्सीड्स अरेंजमेंट’मधली अरेंजमेंट म्हणजे त्याला बँकेने मंजूर केलेली ओव्हरड्राफ्टची मर्यादा. आणि ड्रॉवर म्हणजे टेबलाचा खण नव्हे, चेकवर सही करणारा! सुटा शब्द पाठ असला की उलट घोटाळा व्हायची शक्यता जास्त.

म्हणून वहीत मी शब्दापुढे अर्थ लिहायला सांगत नाही. अडचण कुणाच्या बाजूला आहे, तोच चेक पुन्हा टाकायचा की नाही आणि ग्राहकाला पूर्ण वाक्यात काय सांगायचं, हे लिहायचं. समजा, एका दुकानदाराने १८,००० रुपयांचा चेक भरला आणि तो ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड’ म्हणून परत आला. अडचण चेक देणाऱ्याच्या खात्यात आहे. तोच चेक पुन्हा टाकता येतो, पण त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. २०१२च्या एप्रिलपासून ही मुदत सहाची तीन महिने झाली आहे. मग वाक्य होतं: ‘द मनी हॅज नॉट येट कम इन्टू द ड्रॉवर्स अकाउंट. प्लीज डिपॉझिट द सेम चेक अगेन आफ्टर चेकिंग विथ हिम.’ मेमोत नसलेली क्रियापदं इथे आपण भरतो, आणि बोलण्याचा सराव होतो तो याच जागी.

‘ड्रॉवर्स सिग्नेचर डिफर्स’ असेल तर तोच चेक पुन्हा टाकून उपयोग नाही, नवा मागून घ्यावा लागतो. दोन्ही ओळी पाठ असलेला माणूस ‘पुन्हा टाकू का?’ या प्रश्नाला अडखळला, तर त्याला मेमो कळलेला नाही असं खुशाल समजावं.

ग्राहक चिडून जे बोलतो ते मात्र कुठल्याच मेमोवर नसतं, तेवढा तुमचा मुद्दा मला मान्य. ते शेजारच्या काउंटरवरच्या जुन्या सहकाऱ्याचं ऐकूनच येतं.

आणि हो, सरावाला ग्राहकाच्या मेमोचा मोबाईलवर फोटो काढू नका. कारणाची ओळ तेवढी वहीत उतरवा. नाव आणि खाते क्रमांक नको.