झोपलास का, झोपलास का?

रात्री अकराला फोन पूर्ण चार्ज करून उशाशी ठेवायचा, सकाळी सातला उचलायचा आणि बॅटरीतले दहाबारा टक्के कुठे गेले याचा हिशेब लावत बसायचं, हे अखंड चालू व्हीपीएनवाल्यांचं नशीब. बॅटरीच्या यादीत वरच्या नंबरावर व्हीपीएनचंच अ‍ॅप असतं, त्यामुळे आरोपी आयता सापडतो. मग घरातला जाणकार म्हणतो, "ते एन्क्रिप्शन खातं रे बॅटरी. काढून टाक!" मला या जाणकारांचं कौतुक वाटतं. रात्री तीन वाजता फोनवर काहीच चालू नाही, तर एन्क्रिप्ट काय होतंय? अंधार?

दिवसा व्हिडिओ बघताना एन्क्रिप्शन थोडंफार खातं, हे खरं. रात्रीचा चोर मात्र वेगळा, आणि वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोटोकॉल वापरत असाल तर तो सेटिंगच्या फायलीतल्या एका ओळीत राहतो:

```
PersistentKeepalive = 25
```

म्हणजे दर 25 सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायचं. त्यात मजकूर काही नाही, फक्त "मी आहे हं". कारण असं, की मोबाइल कंपनीच्या किंवा राउटरच्या नॅटमध्ये, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक फोन चालवणाऱ्या यंत्रणेत, तुमच्या बोगद्याची, म्हणजे व्हीपीएन जोडणीची, नोंद असते आणि थोडा वेळ कुणी बोललं नाही, तर ती पुसली जाते. बरीच नॅटं अर्ध्या मिनिटात विसरतात, म्हणून 25. वायरगार्ड मुळात गप्प बसणारा प्राणी आहे, ही ओळ नसेल तर तो विनाकारण तोंड उघडत नाही. पण नेटवरच्या बहुतेक नमुना फायलींत ती असते आणि क्यूआर कोड स्कॅन केला की न विचारता फोनात येते.

आता पाकीट एवढंसं, मग बिघडलं काय? बिघडतं ते मोडेममुळे. मोबाइल डेटावर एक पाकीट गेलं, की मोडेम लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या आशेने तो साधारण दहा सेकंद जागा राहतो. झोपलेल्या माणसाला उठवून "झोपलास का?" विचारणाऱ्या पाहुण्यासारखंच हे. आठ तासांत 25 सेकंदांच्या हिशेबाने 1,152 वेळा हा प्रश्न. गुणिले दहा सेकंद, म्हणजे तीन तासांहून जास्त जागरण. तोच आकडा 120 केला तर 240 वेळा, म्हणजे 40 मिनिटं. वायफायवर हा भुर्दंड बराच कमी असतो, म्हणून "माझ्याकडे तर काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगणारा बहुधा घरच्या राउटरशेजारी झोपतो.

अँड्रॉइडच्या वायरगार्ड अ‍ॅपमध्ये बोगद्याच्या नावावर टॅप करा, पेन्सिलचं चिन्ह दाबा आणि खाली Peer मध्ये Persistent keepalive ची जागा रिकामी करा. इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात. सर्व्हर स्वतःचा असेल तर त्याच्या फायलीत तुमच्या फोनच्या `[Peer]` खालीही हीच ओळ असू शकते. फोन गाढ झोपला की स्वतःची वेळ चुकवतोही, सर्व्हर मात्र चुकवत नाही. तो रात्रभर दार ठोठावतो. तिथली ओळ आधी काढा.

ओपनव्हीपीएनवाल्यांची गंमत आणखी न्यारी. त्याच्या नमुना फायलीत `keepalive 10 120` असतं, म्हणजे शांतता असली की दहा सेकंदांनी हाक, तीही दोन्ही बाजूंनी. मोडेम दहा सेकंदांनी पेंगायला लागतो तोच पुढची हाक! विकतच्या अ‍ॅपमध्ये हे आकडे दिसत नाहीत. तिथे प्रोटोकॉल वायरगार्ड निवडणं, एवढंच आपल्या हातात.

फरक पडला का, हे बघायला वायफाय बंद ठेवून मोबाइल डेटावर दोन रात्री काढा, एक जुन्या आकड्यावर आणि एक नव्या. सिग्नल सारखा हवा, फोन त्याच जागी. कमजोर सिग्नलवर मोडेम असाच जास्त खातो आणि निकाल खोटा ठरतो.

याची किंमतही आहे. नोंद पुसली गेली, की फोन स्वतःहून काही पाठवेपर्यंत बाहेरचं आत येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज काही मिनिटांनी घोळक्याने येतात. तसं झालं तर 120 टाकून बघा, तरी उशीर होत असेल तर 60. ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी असेल, तर 25 ठेवून चार्जर लावून झोपा, त्यात कमीपणा नाही.

दिवसाची बचत हवी असेल तर व्हिडिओची अ‍ॅपं बोगद्यातून वगळा. फक्त सेटिंगमधलं Block connections without VPN चालू असेल तर वगळलेल्या अ‍ॅपना नेटच मिळत नाही, आणि मग माणूस व्हिडिओ कंपनीला शिव्या देत राउटर बंद-चालू करत बसतो.