अ‍ॅम्पला गंडवताना

रात्री अकरानंतर फ्लॅटमध्ये ट्यूब अ‍ॅम्प सुरू करणं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला नाइट ड्रेसमध्ये आपल्या दाराशी बोलावणं. म्हणून आम्ही गिटारवाले रात्री सभ्यपणे डीआय घेतो, म्हणजे अ‍ॅम्पविना थेट रेकॉर्डिंग. केबल थेट इंटरफेसच्या हाय-झी इनपुटमध्ये, आवाज फक्त हेडफोनात. ट्रॅक येतो तो फोडणी न घातलेल्या वरणासारखा. फोडणी दुसऱ्या दिवशी दुपारी: तोच ट्रॅक खऱ्या अ‍ॅम्पमधून वाजवायचा आणि स्पीकरसमोर माइक लावून पुन्हा रेकॉर्ड करायचा. यालाच री-अ‍ॅम्पिंग म्हणतात.

मग आउटपुटची केबल सरळ अ‍ॅम्पमध्ये का खुपसू नये? खुपसून बघा. अ‍ॅम्प वर्षानुवर्षं गिटारच्या भाकरीवर वाढलेला असतो. ती अर्धा-एक व्होल्ट देते, हंबकरवर जोरात हाणलं तर दोनेक. इंटरफेसचं लाइन आउटपुट पूर्ण पातळीला +१८ डीबीयू देत असेल, तर ते सहा व्होल्टच्या वर जातं. क्लीन चॅनेल लगेच फाटक्या आवाजात बोलायला लागतो आणि आपण त्याला ‘वॉर्म’ म्हणून स्वतःची समजूत घालतो. शिवाय कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प दोघंही थ्री-पिनवर, त्यात केबलच्या शील्डने जोडलेले. अर्थिंगचा फेरा पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झची घुमघुम सुरू होते. ती घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग आहेत. कृपया तसं करू नका. त्या पिनेला तुमच्या गाण्यापेक्षा तुमच्या जिवाची जास्त काळजी असते.

या दोन्ही दुखण्यांवर औषध म्हणजे आउटपुट आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसणारा री-अ‍ॅम्प बॉक्स. त्यात मुख्य ऐवज एकच, ट्रान्सफॉर्मर. तो दोन्ही बाजूंची विद्युत जोडणी तोडतो, म्हणून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की गुणगुण बहुतेक वेळा गप्प होते. बॅलन्स्ड सिग्नल अनबॅलन्स्ड होतो, पातळी खाली येते आणि ती कमीजास्त करायला एक नॉब मिळतो. इम्पीडन्सवर लोक लग्नाच्या पंगतीत भांडावं तसे भांडतात. माझं मत विचाराल तर अ‍ॅम्पचं इनपुट साधारण एक मेगओहमचं असल्याने शंभर ओहमच्या आउटपुटनेही त्याचं काही बिघडत नाही. खरा घोळ पातळीचा आणि अर्थिंगचा असतो. पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा जोडूनही काम भागतं, फक्त तो उलट्या दिशेने व्होल्टेज दहा-बारा पट वाढवतो. त्यामुळे आधी फेडर पार तळाला न्यावा लागतो.

आता नॉब कुठे ठेवायचा? ‘कानाला बरं वाटेल तिथे’ हे उत्तर ‘मीठ चवीनुसार’ इतकंच उपयोगी. त्यापेक्षा डीआय ज्या इनपुटवर घेतला, त्याच इनपुटला साक्षीला बोलवा. अट एकच: रेकॉर्डिंगच्या वेळचा गेन हलवायचा नाही. गेनच्या नॉबवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो नॉब फिरवून बघायचा असतो. एका ट्रॅकवर ४४० हर्ट्झचा साइन टोन उणे १८ डीबीला लावा आणि इंटरफेसच्या आउटपुट ३ ला पाठवा. तिथून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून साध्या गिटार केबलने परत त्याच हाय-झी इनपुटमध्ये. समजा, मीटर उणे २७ दाखवतो. म्हणजे ९ डीबी कमी पडतात. बॉक्सचा नॉब हळूहळू वाढवत मीटर उणे १८ वर आणा. आत गेलं तेवढंच परत आलं, म्हणजे गिटारने त्या जॅकवर जितके व्होल्ट दिले होते तितकेच आता बॉक्स देतोय. या काळात इनपुट ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद हवं. ते चुकून आउटपुट ३ कडे वळलं, तर सिग्नल स्वतःचीच शेपटी गिळत किंचाळू लागतो.

आता नॉबला हात न लावता केबल हाय-झीतून काढून अ‍ॅम्पमध्ये घाला. डीआय ट्रॅकचा फेडर शून्यावर, प्लगइन एकही नाही. मास्टरवर लिमिटर असेल तर ट्रॅक तिथून न जाता थेट आउटपुट ३ ला जायला हवा. नाहीतर अ‍ॅम्पला आधीच चपटी झालेली गिटार मिळते.

फझ पेडल मात्र गंडत नाही. जुन्या धाटणीच्या फझचं इनपुट इम्पीडन्स इतकं कमी असतं की ते थेट पिकअपच्या कॉइलवरच भार टाकतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज स्वच्छ होतो, ती गंमत त्याच नात्यातली. बॉक्समध्ये ती कॉइल नाही, त्यामुळे फझ रेकॉर्डिंगच्या वेळीच लावलेला बरा. अ‍ॅम्पच्या जोराने तारा थरथरून येणारा लांबलचक फीडबॅकही इथे मिळत नाही, कारण तारा काल रात्रीच झोपल्यात.

आणि रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी मेट्रोनोम कुठे जातोय ते पाहा. तो आउटपुट ३ ला जोडलेला राहिला, तर पन्नास वॉटच्या अ‍ॅम्पमधून भर दुपारी टक-टक-टक-टक असा ठोका सुरू होतो आणि सेक्रेटरींना वाटतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी टाइल्स फोडतंय.