रिफंड शून्य? शून्य कसा काय?

पुणे-दिल्लीचं विमानाचं तिकीट रद्द करायला गेले आणि बुकिंग पोर्टलवर ठळक अक्षरात आलं: रिफंड ₹०. कारण? म्हणे, भाडं 'नॉन-रिफंडेबल' आहे. बरं बाबा, भाडं नॉन-रिफंडेबल. पण मी ४,९१३ रुपये भरले होते आणि ते सगळं भाडं नव्हतंच!

बिल उघडून बघा ना. मूळ भाडं ३,६५०. विमानतळाचं यूडीएफ, सुरक्षा शुल्क वगैरे मिळून ६८०. जीएसटी १८३. आणि पोर्टलची 'कन्व्हीनियन्स फी' ४००, म्हणजे बटणं मी दाबायची आणि सोयीचे पैसे यांना द्यायचे. ते ४०० बुडाले, ठीक आहे, ते परत मिळत नाहीत हे तिथे लिहिलेलं असतं. पण यूडीएफ विमानतळ वापरण्याचं असतं. मी विमानतळावर पाऊलच ठेवणार नाही, तर ते कशाचे पैसे?

आणि हे माझ्या मनचं नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा रिफंडबद्दलचा नियम सरळ सांगतो की कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सरकारी कर, यूडीएफ वगैरे प्रवाशाला परत द्यायचे. प्रोमो भाडं असो, ऑफरचं असो, अगदी तुम्ही विमान चुकवलं असलं तरी. म्हणजे सगळं भाडं खाऊनसुद्धा माझे ६८० आणि १८३, एकूण ८६३ रुपये निघतात. शून्य नाही. ८६३!

कस्टमर केअरला फोन केला. आधी तो बोलणारा मेनू, मग गाणं, मग एक गोड आवाज: "मॅडम, एअरलाइनकडून अजून रिफंड आलेला नाही." एअरलाइनला फोन केला, तर "मॅम, तुमचं बुकिंग एजंटकडून आहे, एजंटशी बोला." पुन्हा पोर्टल, पुन्हा एअरलाइन. दोघांच्या मध्ये आपण टेबल टेनिसचा चेंडू. यांना पक्कं माहीत असतं की आठ-नऊशे रुपयांसाठी माणूस किती वेळ फोन धरून बसणार? कंटाळून सोडून देईल. लाखो लोक सोडून देतात, त्यावरच तर यांचं भागतं!

मी नाही सोडलं. एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडलं. तिथे काय दिसावं? रिफंड एजंटला केव्हाच दिलेला, तारखेसकट! पोर्टलवाला 'अजून आला नाही' म्हणत होता तेव्हा पैसे त्याच्याच खिशात होते. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ईमेल केला आणि त्यातच लिहिलं की नियमानुसार एजंट हा एअरलाइनचाच प्रतिनिधी, त्यामुळे रिफंडची जबाबदारी शेवटी एअरलाइनची. तेव्हा तुम्ही आपसात काय ते ठरवा, मला मध्ये नाचवू नका. मेल दोघांनाही एकत्र. फोनवरचं बोलणं हवेत जातं, मेल राहतो.

मग चमत्कार झाला. एका रात्रीत 'रिफंड प्रोसेस्ड'. आनंदाने उघडलं, तर पैसे कुठे? त्यांच्या वॉलेटमध्ये! कार्डने भरलेले पैसे यांच्या पाकिटात, वर वापरायची मुदतही. रद्द करतानाच्या पानावर 'वॉलेट' आधीच टिकमार्क करून ठेवलेलं असतं आणि 'मूळ खात्यात' हा पर्याय खाली, बारीक, राखाडी अक्षरात. अरे, पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी त्यांच्याकडेच, ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, हेही नियमातच आहे ना! पुन्हा मेल, पुन्हा भांडण. शेवटी कार्डावर वळवले, तर म्हणे "बँकेकडून उशीर होतोय." मी एआरएन मागितला. हा रिफंडचा संदर्भ क्रमांक. पैसे खरंच पाठवले असले तर देता येतो, बँक त्यावरून शोधते. नंबर मागितल्यावर त्या ताई एकदम गप्प. दुसऱ्या दिवशी नंबर आला. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत पाठवलेच नव्हते!

आणि आले किती? ५६३. तीनशे रुपये 'सर्व्हिस चार्ज'. कसली सर्व्हिस? माझेच पैसे दाबून बसायची? रिफंडवर प्रक्रिया करण्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, हे एअरलाइनला बजावलंय, तर पोर्टलवाले म्हणतात तो नियम आम्हाला नाही. वा! पैसे घेताना एअरलाइनचे एजंट आणि देताना कोणीच नाही.

एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी साइटवर तक्रार टाकली आहे, बिल, स्क्रीनशॉट, मेल सगळं जोडून. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवणार आहे. काल पोर्टलकडून फोन आला, "मॅडम, ३०० रुपयांचं कूपन देतो, तक्रार मागे घ्याल का?"

कूपन नको. रोख द्या.