लॉजच्या बिलाला ‘बनावट’ म्हटलंय, त्याला मालकाचं उत्तर

★☆☆☆☆
“खोली बरी, जेवण चांगलं, पण बिल बनावट. 4 रात्रींचा एकच आकडा, त्यात सर्व्हिस चार्ज घुसवलेला. 7,500 च्या वर 18 टक्के जीएसटी लागतो, यांनी 5 लावला. कंपनीचा जीएसटी नंबरही नाही. माझ्या प्रवासखर्चातून 824 रुपये कापले गेले. कंपनीच्या कामाने येणाऱ्यांनी इथे उतरू नये.”

नमस्कार सर,

तुमच्या प्रवासखर्चातून पैसे गेले, आणि ते आमच्या बिलामुळे गेले. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एका ओळीचं बिल देणं ही आमची चूक आणि सर्व्हिस चार्ज लावणं ही त्याहून मोठी चूक. दोन्ही कबूल आहेत.

पण ‘बनावट’ हा शब्द वाचला आणि रात्री झोप लागली नाही. पांढरकवड्यात हायवेला लागून 14 खोल्यांचं आमचं लॉज आहे. कापसाचा सिझन सुरू झाला की जिनिंगवर मशीन बसवायला येणारे तुमच्यासारखे इंजिनिअर लोक हाच आमचा चार महिन्यांचा धंदा. टिपेश्वरचे पर्यटक येतात, पण ते बिल मागत नाहीत. बिल मागणारे तुम्हीच, आणि तुमचं लिहिलेलंही त्याच लोकांनी वाचलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही खोली नंबर 204 मध्ये 24 नोव्हेंबर 2025 ते 28 नोव्हेंबर राहिलात, 4 रात्री. काउंटरवरच्या पोराने छापून दिलेल्या बिलात ‘लॉजिंग-बोर्डिंग 4 रात्री, 10,824’ अशी एकच ओळ होती. खाली सीजीएसटी 270.60, एसजीएसटी 270.60 आणि एकूण 11,365.20. तुमच्या ऑफिसात खर्चाचा तक्ता भरणाऱ्याने 10,824 ला 4 ने भागलं. उत्तर आलं 2,706. तुमच्या कंपनीची खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 2,500 आहे, हे तुम्ही फोनवर सांगितलं होतं. म्हणजे रात्रीला 206 जास्त, चार रात्रींचे 824. कापले गेले ते हेच.

तुमच्या ऑफिसने हिशोब बरोबरच केला, कारण त्यांच्यापुढे दुसरा आकडाच नव्हता. खरं भाडं मात्र रात्रीला 2,200 होतं. काल किचनमध्ये तारेला टोचून ठेवलेल्या 204 च्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बसलो. पहिल्या रात्री तुम्ही साडेअकराला पोचलात तेव्हाचं पिठलं-भाकरी, सकाळचे पोहे, सगळ्यावर तुमची सही आहे. बेरीज 1,840 आली. म्हणून फोडून लिहितो. हे तुमच्या तक्त्यात आहे तसं उतरवता येईल:

खोलीभाडं 2,200 गुणिले 4, म्हणजे 8,800. त्यावर सीजीएसटी 220 आणि एसजीएसटी 220. खोलीचे एकूण 9,240.
जेवण 1,840. त्यावर 46 आणि 46. जेवणाचे एकूण 1,932.
दोन्ही मिळून 11,172.

तुम्ही भरलेल्या 11,365.20 पैकी उरले 193.20. त्यातला 184 सर्व्हिस चार्ज, म्हणजे जेवणाच्या 10 टक्के, आणि त्या 184 वर लागलेला 9.20 कर. सर्व्हिस चार्ज लावला की तोही करपात्र रकमेत धरला जातो, त्यामुळे तुम्हाला त्याचा दोनदा फटका बसला. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच सांगितलंय आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. आमच्याकडे बिलिंगवाल्याने सेटिंगमध्ये ती खूण चालू ठेवली होती. मी कधी उघडून पाहिलं नाही, हा माझा हलगर्जीपणा. ज्या नंबरावरून तुम्ही पैसे दिले त्यावर 193.20 परत पाठवले आहेत आणि तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट तुमच्या मेलवर टाकली आहे. बिलाचा जुना नंबर खोडून नवीन बिल छापता येत नाही, म्हणून त्याच नंबरावर ही नोट आणि सोबत तपशिलाचा कागद आहे.

आता कराबद्दल. माझ्या मनाला लागलं ते हे.

7,500 ची मर्यादा पूर्ण बिलाला नसते. ती एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याला असते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 पर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्याच्या वर 18 टक्के. तुमची खोली दिवसाला 2,200 ची. तुम्ही चार रात्री राहिलात म्हणून 8,800 झाले, चाळीस रात्री राहिला असतात तर 88,000 झाले असते, तरी दर 5 च राहिला असता. मी 18 लावला असता तर 8,800 वर तुमच्याकडून 440 ऐवजी 1,584 घेतले असते, म्हणजे 1,144 जास्त, आणि ते चुकीचं ठरलं असतं. ज्या बिलाने तुमचे 1,144 वाचवले त्याला तुम्ही बनावट म्हणालात, सर.

5 लावून आम्ही सरकारचं काही बुडवलं असंही नाही. त्या तारखेच्या आधी याच खोलीला 12 टक्के होते, 2,200 वर 264. आता 110. पण दर कमी झाला तेव्हा आमची वजावटही गेली. चादरी, रंग, गिझर घेताना आम्ही जो जीएसटी भरतो तो आता वळता करता येत नाही, तो आमच्या खिशातून जातो. तरी भाडं एक रुपयाने वाढवलं नाही.

आणि एका ओळीच्या बिलाचं मूळही याच बदलात सापडलं, ते काल रात्री लक्षात आलं. आधी खोलीला 12 आणि जेवणाला 5 होते, तेव्हा सॉफ्टवेअरला दोन ओळी कराव्याच लागायच्या. आता दोन्हींना 5. आमचं सॉफ्टवेअर एका दराच्या सगळ्या रकमा गोळा करून एका ओळीत टाकतं. आधी तुमच्या ऑफिसवाल्याला कराच्या आकड्यावरूनसुद्धा खोली किती, जेवण किती हे उलटं काढता आलं असतं, कारण दर वेगळे होते. आता कराच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. 10,824 मध्ये खोली 8,800 असो की 5,000, कर 541.20 च येतो. म्हणून खोलीची ओळ वेगळी नसेल तर ते बिल खर्चाच्या तक्त्यात घालूच नये, काउंटरवरच तोडून मागावं. खोलीच्या ओळीसमोर 996311 हा कोड असतो, रात्रींची संख्या आणि एका रात्रीचा दर असतो. तेवढं दिसलं तर पुढचं अडत नाही. हे मी आता सांगतोय, पण त्या सकाळी आमच्याच पोराला ते माहीत नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या हॉटेलचं बिल समोर ठेवून तुम्ही ताडून पाहिलं असेल, तर तिथे खोली आणि जेवण दोन्हीला 18 दिसू शकतात. 7,500 च्या वरच्या खोल्या देणाऱ्या हॉटेलांच्या जेवणालाही 18 लागतो, आमच्यासारख्यांना 5. एकाच हॉटेलात एक रात्र 7,000 ची आणि शनिवारची रात्र 7,800 ची असेल, तर फक्त त्या शनिवारच्या रात्रीला 18 लागेल. म्हणून रात्र मोजावी, बेरीज नव्हे.

जीएसटी नंबरचं मात्र मी माझ्या माथी घेणार नाही. रजिस्टर भरताना मी स्वतः काउंटरवर होतो. “कंपनीचा नंबर टाकायचा का?” असं मी दोनदा विचारलं. तुम्ही थकलेले होता, “राहू द्या भाऊ, साधं बिल द्या” म्हणालात. तुम्हाला दोष देत नाही, 24 तारखेला रात्री साडेअकराला आदिलाबादकडून गाडी चालवत आलेल्या माणसाला कोण अडवेल? पण नंबर तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवला 13 डिसेंबरला. नोव्हेंबरच्या विक्रीचं विवरण 11 डिसेंबरला भरून झालं होतं. आता पुढच्या महिन्याच्या विवरणात दुरुस्ती करून तुमच्या कंपनीचं नाव चढवता येतं. आमच्या सीएला सांगून ठेवलंय.

त्यातही एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुन्हा माझ्यावर राग यायचा. तुमच्या कंपनीची नोंदणी तेलंगणाची आहे. खोलीचा कर खोली जिथे आहे त्या राज्यात पडतो, म्हणून कंपनी कुठलीही असो, बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचाच कर येणार, आयजीएसटी नाही. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या कंपनीला या 440 ची वजावट मिळत नाही. तुमच्या तक्त्यात तो वेगळ्या रकान्यात ‘परत मिळणारा कर’ म्हणून लिहू नका, खोलीच्या खर्चातच धरा, 9,240. नाहीतर तुमचं ऑफिस तो पुन्हा कापेल.

इथून पुढे खोली, जेवण आणि कर वेगवेगळे छापायचे असं ठरवलंय. सॉफ्टवेअरवाल्याला दोन फोन झाले, तो येतो म्हणालाय. तोवर मी हाताने तपशिलाचा कागद जोडतोय. काउंटरवर पाटीही लावू.

तुम्ही जेवण चांगलं म्हणालात, ते माझ्या बायकोला वाचून दाखवलं. तपशिलाचा कागद ऑफिसात द्या, 824 परत मिळायला हवेत, कारण 2,200 तुमच्या 2,500 च्या आतच आहे. ऑफिसवाल्यांना शंका असेल तर रिसेप्शनच्या नंबरावर मला फोन करायला सांगा, सही केलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवतो. पैसे मिळाले की तेवढा ‘बनावट’ शब्द काढाल का? तारा एकच राहू द्या, चालेल.